चौदा चित्रं काढून टाका, एक काम नीट सांगा

पत्र: मी मिरजेचा. पुण्यात एका कंपनीत सहा वर्षं नोकरी केली, दीड वर्षापासून घरूनच फ्रीलान्स डेव्हलपर म्हणून काम करतो. लॅराव्हेल आणि रिअ‍ॅक्टवर हात बसलाय. स्वतःची वेबसाइट आहे, तिच्यावर चौदा कामांची चित्रं, मला येणाऱ्या तंत्रांची यादी आणि संपर्काचा फॉर्म आहे. पण तिथून एकही काम आलेलं नाही. येतं ते ओळखीतून. सगळ्यात मोठं काम तासगावकडच्या एका बेदाणा कोल्ड स्टोअरेजचं केलं: आवक-जावक, पावत्या, भाडं. महिनाअखेरीला भाड्याची बिलं करायला तिथल्या दोन कारकुनांना चार दिवस लागायचे, आता एका दुपारी होतात. पण तांत्रिकदृष्ट्या त्यात भारी काही नाही, साधे फॉर्म आणि टेबलं. केस स्टडी लिही असं सगळे सांगतात. कशावर लिहू, किती लिहू, आणि वाचणाऱ्यानं पुढे फोन करावा म्हणून काय करू?
(एक वाचक, मिरज)

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही "भारी काही नाही" म्हणून बाजूला सारलंत. चार दिवसांची बिलं एका दुपारी होतात, हे वाक्य सांगली-सोलापूरकडच्या कुठल्याही कोल्ड स्टोअरेजच्या मालकाला वाचता वाचता थांबवेल. तुमच्या साइटवर ते कुठेच नाही. तिथे काय असणार याचा अंदाज मला येतो: गोदामाच्या डॅशबोर्डचं छोटं चित्र, खाली "इन्व्हेंटरी सिस्टम, लॅराव्हेल, मायएसक्यूएल". हे वाचून दुसरा डेव्हलपर मान डोलावेल. पण पैसे देणारा माणूस डेव्हलपर नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी वाचणारा कोण ते ठरवा. तुमच्यापुरतं मी ठरवून टाकतो: दुसऱ्या कोल्ड स्टोअरेजचा मालक, किंवा त्याचा हिशोब बघणारा मुलगा, नाहीतर पुतण्या. त्याला कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमची लिंक पाठवली आहे आणि तो ती मोबाइलवर, ऑफिसात बसून उघडतोय. तुम्हाला कुठली तंत्रं येतात हे त्याला जाणून घ्यायचं नाही. आपल्या धंद्यातली गुंतागुंत या माणसाला कळते का, एवढंच तो शोधतो. हाच वाचक धरला की सांगलीतली हळदीची गोदामंही आपोआप जवळ येतात, कारण दुसऱ्याचा माल ठेवून भाडं घेण्याचं दुखणं तिथेही बरंचसं तेच आहे. आणि हा वाचक मराठी आहे, तेव्हा हे पान मराठीतच लिहा. पुण्याच्या किंवा परदेशी कंपन्यांसाठी इंग्रजी पान वेगळं ठेवा. दोघांना एकाच पानावर बसवू नका.

आता केस स्टडी. कोल्ड स्टोअरेजचं एकच काम घ्या आणि ते सहाशे ते आठशे शब्दांत पूर्ण सांगा. मथळ्यात सॉफ्टवेअरचं नाव नको, झालेला बदल हवा: "बेदाणा कोल्ड स्टोअरेज: महिन्याची भाडेबिलं चार दिवसांऐवजी एका दुपारी". त्याखाली दोन-तीन ओळीत जागा कुठली, माल कसला, तुम्ही काय केलंत आणि काम किती आठवड्यांत उभं राहिलं ते लिहा. बरेच लोक इथवरच वाचतात, म्हणून एवढ्यावरूनही काम समजलं पाहिजे.

मजकुरासाठी एक दिवस काढून पुन्हा त्या कोल्ड स्टोअरेजमध्ये जा. मालकाशी बोलाच, पण जास्त वेळ त्या दोन कारकुनांपाशी बसा. आधी कुठल्या वहीत काय लिहायचे, चूक कुठे व्हायची, चूक झाली की पहिला आरडाओरडा कोण करायचं, हे त्यांना विचारा. जुनी रजिस्टरं अजून कपाटात असतील, ती उघडून बघा. ज्या पानावर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे, तिथे तुमची केस स्टडी आहे.

ती खाडाखोड बहुतेक नावावर वर्ग केलेल्या मालाची असणार. हाच भाग नीट मांडा, कारण त्यावरूनच वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला आपला धंदा समजलाय. एक उदाहरण घेऊन लिहा. एका शेतकऱ्यानं 400 बॉक्स ठेवले. सौदा झाला आणि 150 बॉक्स पहिल्या व्यापाऱ्याच्या नावावर गेले, आठवड्यानं 100 दुसऱ्याच्या. माल मात्र जागचा हलला नाही, त्याच चेंबरमध्ये, त्याच थप्पीत आहे. मग पहिल्या व्यापाऱ्यानं 60 बॉक्स उचलले. आता शेतकऱ्याचे 150, पहिल्याचे 90, दुसऱ्याचे 100 शिल्लक. बाहेर गेलेले 60 मिळवले की बेरीज पुन्हा 400. कुठल्या बॉक्सचं भाडं कुठल्या तारखेपर्यंत कोणाकडे धरायचं, यावरून महिनाअखेरीला वाद व्हायचे आणि चार दिवस त्यातच जायचे.

मग तुम्ही काय केलंत ते सांगा, तेही साध्या भाषेत. बरेच जण इथे शिल्लक आकडा एका रकान्यात ठेवतात आणि दर वेळी तोच बदलतात. मग चूक झाली की ती कुठे झाली ते सापडत नाही. तुम्ही प्रत्येक हालचाल वेगळी नोंदवली असेल (आवक, वर्ग, जावक) आणि शिल्लक त्यांच्या बेरजेतून काढली असेल, तर ते ठसठशीत लिहा: "जुनी नोंद कोणालाच पुसता येत नाही. चूक झाली तर उलटी नोंद करावी लागते, आणि ती कोणी, कधी केली ते दिसतं." मालकाला हे वाक्य कळतं, कारण खतावणीचा नियम हाच आहे. यालाच तुम्ही साधे फॉर्म आणि टेबलं म्हणालात! टेबलं साधी असतील, पण ती कशी मांडायची हा निर्णय तुमचा होता, आणि माणूस पैसे त्या निर्णयाचे देतो.

निर्णयांबद्दल लिहाल तेव्हा जे केलं नाही तेही एका परिच्छेदात येऊ द्या. बारकोड लावायचा विचार होता का? का सोडला? गेटवर नेट जात असेल तर नोंद कशी होते? शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप न काढता पावती व्हॉट्सअ‍ॅपवरच का पाठवली? अशा ठिकाणी खरी कारणं दिलीत की तुमचा हात कसा चालतो ते वाचणाऱ्याला दिसतं. एखादी गोष्ट पहिल्या महिन्यात नीट चालली नाही आणि नंतर बदलली, असं घडलं असेल तर तेही लिहा. कुठेच अडचण आली नाही अशी केस स्टडी कोणाला खरी वाटत नाही.

आकड्यांबाबत काटेकोर राहा. "कार्यक्षमता 40 टक्क्यांनी वाढली" असं लिहिलंत आणि मालकानं फोनवर विचारलं की कशी मोजली, तर उत्तर हवं. आधीचं मोजमाप नसेल तर ज्याचा अंदाज आहे त्याच्या नावावर तो लिहा: "ऑफिसातल्या कारकुनांच्या सांगण्यानुसार बिलांना चार दिवस लागत." नंतरचे आकडे तर तुमच्या डेटाबेसमध्येच पडलेत. महिन्याचं पहिलं आणि शेवटचं बिल किती वाजता तयार झालं ते नोंदींच्या वेळांवरून काढता येतं. मागच्या तीन-चार महिन्यांचं काढा. एखाद्या महिन्यात दीड दिवस लागला असेल तर तो लपवू नका, का लागला ते सांगा.

स्क्रीनशॉट दोन किंवा तीन पुरेत, पण ते चालू यंत्रणेवरून मुळीच घेऊ नका. त्यात शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, कोणाचा किती माल पडून आहे हे सगळं असतं, आणि बाजारात ही माहिती नाजूक आहे. नावं धूसर करून भागत नाही. एखादा कोपरा राहून जातोच, आणि हलकं धूसर केलेलं पुष्कळदा वाचता येतं. वेगळ्या डेटाबेसमध्ये खोटी नावं आणि खोटे लॉट भरा, मघाचं 400 बॉक्सचं उदाहरण त्यातच टाका आणि त्याचे स्क्रीनशॉट घ्या. मजकुरातले आकडे आणि चित्रातले आकडे जुळले की मोबाइलवर वाचणाऱ्याला समजायला सोपं जातं.

मालकाची परवानगी लेखी घ्या. एक ई-मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा "चालेल" पुरे, पण आधी पूर्ण मजकूर त्यांना वाचायला द्या. काही मालकांना नाव छापलेलं नको असतं, कारण शेजारच्या कोल्ड स्टोअरेजशी स्पर्धा असते. तसं असेल तर "तासगाव तालुक्यातलं एक कोल्ड स्टोअरेज" एवढंच लिहा. तपशील खरे असले की नाव नसल्यानं फारसं बिघडत नाही. पुण्यातल्या कंपनीतल्या कामाचं मात्र वेगळं आहे. नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे नोकरी देणाऱ्या कंपनीकडे जातो, आणि वर गोपनीयतेचा करार असेल तर स्क्रीनशॉटचा विचारही करू नका. त्या सहा वर्षांसाठी "माझ्याविषयी"च्या पानावर दोन वाक्यं पुरेत.

आता फोन यावा म्हणून काय करायचं. पान वाचून झाल्यावर माणसानं नेमकं काय करायचं आणि केलं तर पुढे काय होणार, हे दोन्ही त्याला कळलं पाहिजे. "संपर्क करा" या दोन शब्दांत यातलं काहीच नाही. नाव, ई-मेल, विषय, बजेट, संदेश असे पाच रकाने भरायला तो बसणार नाही; ई-मेल तर तो रोज उघडतही नसेल. त्याला व्हॉट्सअ‍ॅपचं एकच बटण द्या आणि बटणावर कृती लिहा: "तुमच्या कोल्ड स्टोअरेजबद्दल 20 मिनिटं बोलू". बटणाखाली लहान अक्षरात चार वाक्यं टाका: "मेसेज आला की त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मी फोन करतो. पहिल्या फोनचे पैसे नाहीत. काम जुळेलसं वाटलं तर मी एक दिवस जागेवर येऊन पाहणी करतो आणि दोन पानी टिपण देतो. त्याचं शुल्क अमुक रुपये, काम दिलंत तर बिलातून वजा." अमुकच्या जागी खरा आकडा घाला. पूर्ण कामाचा दर साइटवर सांगणं कठीण असतं, हे मान्य. पण पहिल्या पायरीचा सांगता येतो, आणि तो दिसला की फुकट चौकशीवाले आपोआप गळतात.

हे बटण पानावर दोनदा येऊ द्या, एकदा वरच्या दोन-तीन ओळींखाली आणि एकदा शेवटी. दोन्हीकडे तेच शब्द ठेवा. बाजूला "रेझ्युमे डाउनलोड", "गिटहब पाहा", "न्यूजलेटर घ्या" असली बटणं नकोत. दुवा असा लिहा, म्हणजे मेसेज आधीच टाइप केलेला उघडेल:

```html
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Cold%20storage%20che%20kaam%20vachle.%20Bolayche%20aahe.">
  तुमच्या कोल्ड स्टोअरेजबद्दल 20 मिनिटं बोलू
</a>
```

नंबर देशाच्या 91 या कोडसकट, पण अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य आणि मधल्या रेघा न घालता लिहायचा. या तीनपैकी काहीही राहिलं तर दुवा चालण्याची खात्री नसते. प्रत्येक केस स्टडीच्या पानावर या मेसेजचे शब्द थोडे वेगळे ठेवा. मग चौकशी कुठल्या पानावरून आली ते मेसेजवरूनच कळतं. महिन्याला पन्नास-शंभर लोक येणाऱ्या साइटवर दोन बटणांची तुलना करणाऱ्या चाचण्या करत बसू नका, तेवढ्या संख्येवरून काहीच ठरत नाही.

घाई लावायची असेल तर ती खरी असू दे. "फक्त दोन जागा शिल्लक" हे इथे कोणी ऐकत नाही. पण तुमच्या धंद्यात एक खरी तारीख आहे. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की बेदाणा तयार होऊन कोल्ड स्टोअरेजमध्ये यायला लागतो, आणि फेब्रुवारीपासून दोन-तीन महिने तिथे कोणाला मान वर करायला वेळ नसतो. त्या दिवसांत नवी यंत्रणा कोणी बसवत नाही. तेव्हा स्पष्ट लिहा: "पुढच्या आवकेआधी यंत्रणा चालू हवी असेल तर दिवाळीपूर्वी बोलू, उभारणीला आणि जुन्या नोंदी भरायला इतके आठवडे लागतात." आठवडे तुमच्या अनुभवाचे घाला. मालकाला हे गणित लगेच पटतं, कारण त्याचं वर्षही त्याच हिशोबानं चालतं.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम, कारण तुमची साइट रिअ‍ॅक्टमध्ये असणार. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की खाली मथळा आणि चित्र दिसतं. ते पानाच्या एचटीएमएलमधल्या `og:title`, `og:description` आणि `og:image` या टॅगांवरून येतं. व्हॉट्सअ‍ॅप ते वाचताना जावास्क्रिप्ट चालवत नाही. साइट फक्त ब्राउझरमध्ये रंगवली जात असेल तर प्रत्येक केस स्टडीच्या लिंकखाली तेच मुखपृष्ठाचं नाव येतं, किंवा काहीच येत नाही. टर्मिनलवर असं बघा:

```
curl -s https://example.com/kaam/cold-storage | grep "og:"
```

केस स्टडीचाच मथळा इथे छापला गेला तर ठीक. रिकामं आलं, किंवा मुखपृष्ठाचा मथळा आला, तर पानं आधीच तयार एचटीएमएल म्हणून बांधा. नेक्स्टच्या स्थिर पानांनी होतं, अ‍ॅस्ट्रोनं होतं, हातानं लिहिलेल्या एचटीएमएलनंही होतं. आठ पानांच्या साइटला मोठा गाडा लागत नाही. चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं घ्या आणि फाइल हलकी ठेवा. जड चित्र कधी कधी उमटतच नाही. त्या चित्रावर डॅशबोर्ड नको, मथळ्यातलं वाक्यच मोठ्या अक्षरात टाका, कारण गटात फिरताना तेवढंच वाचलं जाणार आहे.

जुना फॉर्म ठेवायचाच असेल, म्हणजे इंग्रजी पानासाठी लागेल, तर तो आज तपासा. साइटवरून एकही काम आलेलं नाही हे ऐकल्यावर माझा पहिला संशय त्याच्यावरच जातो. फॉर्म "धन्यवाद" म्हणतो आणि ई-मेल स्पॅममध्ये पडतो, हे सर्रास घडतं. एक नेहमीची चूक अशी की फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावलेला असतो. तुमचा सर्व्हर जीमेलच्या पत्त्यावरून ई-मेल पाठवतोय असं दिसतं आणि समोरची यंत्रणा ते बनावट समजते. पाठवणारा पत्ता तुमच्याच डोमेनचा ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता `Reply-To` मध्ये घाला आणि डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आहेत का बघा. मग दोन वेगळ्या फोनवरून, वेगळ्या नावांनी फॉर्म भरून बघा. शक्य असेल तर प्रत्येक नोंद ई-मेलबरोबर डेटाबेसमध्येही साठवा, म्हणजे ई-मेल हरवला तरी चौकशी राहते.

उरलेली तेरा चित्रं काढून टाका. त्यातलं एखादं दुकानाच्या साइटचं काम असेल, जिथे काय बदललं ते तुम्ही तीन परिच्छेदांत सांगू शकता, तर तेवढं ठेवा. दुसरी पूर्ण केस स्टडी सवडीनं येईल. कौशल्यांचे टक्केवारीचे पट्टे असतील तर तेही काढून टाका. पीएचपी नव्वद टक्के येतं म्हणजे काय, ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

पुढच्या केस स्टडीची तयारी मात्र काम मिळाल्या दिवशीच सुरू करा. कोटेशनमध्ये एक ओळ घाला: "या कामाची माहिती, नाव देऊन किंवा न देता, आपण मजकूर पाहून होकार दिल्यावर मी माझ्या वेबसाइटवर देऊ शकेन." सुरुवातीला अशी ओळ सहज मान्य होते, काम संपल्यावर परवानगीसाठी मागे लागावं लागतं. आणि कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक पूर्ण महिना आहे ती पद्धत कशी चालते ते टिपून ठेवा: बिलांना किती दिवस लागले, किती बिलं दुरुस्त करावी लागली, "माझा माल किती शिल्लक?" असे फोन रोज साधारण किती आले. कारकुनांना एक कोरी वही द्या आणि फोन आला की त्यात रेघ मारायला सांगा, तेवढं पुरे.